जमलं हे मुलानं स्वतः कसं ओळखायचं? फळ्याच्या कडेला लिहायच्या तीन ओळींविषयी

तिसरीच्या वर्गात तीन अंकी वजाबाकी चालली आहे. ५३२ मधून २७८ वजा करायचे आहेत. एकाचं उत्तर आलं ३४६, दुसरीचं आलं ३६४ आणि तिसऱ्याचं २५४. तिघंही वही घेऊन टेबलापाशी येतात आणि एकच विचारतात, "बाई, बरोबर आहे का?"

पहिल्या दोघांना आपलं चुकलं आहे हे ठाऊक नाही, हे तर उघडच आहे. पण तिसऱ्यालाही आपलं बरोबर आहे हे ठाऊक नाही. त्याची वजाबाकी अचूक आहे, तरी ती अचूक असल्याचा निकाल लागतो तो बाईंच्या लाल पेनानं. चाळीस मुलांच्या वर्गात ते पेन प्रत्येक गणितापर्यंत वेळेवर पोहोचत नाही, आणि वही दुसऱ्या दिवशी परत मिळते तेव्हा त्या चुकीमागचा विचार मुलाच्या डोक्यातून निघून गेलेला असतो.

यशाचे निकष म्हणतात ते याच जागी कामाला येतात. आज काय शिकायचं आहे हे एका वाक्यात, आणि ते जमलं हे कशावरून ओळखायचं हे दोन-तीन ओळींत, मुलाला स्वतःच्या वहीत बोट ठेवून दाखवता येईल अशा शब्दांत लिहायचं आणि धड्याच्या सुरुवातीला सगळ्यांना दिसेल असं ठेवायचं. रॉइस सॅडलर या ऑस्ट्रेलियन अभ्यासकांनी १९८९ साली यामागचा विचार नेमक्या तीन अटींत मांडला होता. शिकणाऱ्याला चांगलं काम कसं असतं हे माहीत हवं, आपलं काम त्याच्याशी ताडून पाहता यायला हवं, आणि दिसलेली तफावत भरून काढण्यासाठी काहीतरी करता यायला हवं. फळ्यावर निकष लिहिल्यानं फार तर पहिली अट पुरी होते. उरलेल्या दोन तासिकेत घडवून आणाव्या लागतात. निकष लिहूनही वर्गात काही फरक पडत नाही, अशी तक्रार येते तिथं बहुतेक वेळा गाडी पहिल्या अटीवरच थांबलेली असते.

मोठ्यांच्या भाषेतून मुलांच्या भाषेत

सुरुवात अध्ययन निष्पत्तीपासून होते. २०१७ साली एनसीईआरटीनं प्राथमिक स्तरासाठी विषयवार अध्ययन निष्पत्ती काढल्या आणि आता त्या आपल्या अनेक पाठ्यपुस्तकांत सुरुवातीच्या पानांवर छापलेल्या असतात. ही भाषा शिक्षकासाठी आहे. विद्यार्थी दैनंदिन जीवनातल्या समस्या सोडवण्यासाठी तीन अंकी संख्यांची बेरीज-वजाबाकी करतो, अशा धाटणीची ती वाक्यं असतात. एक निष्पत्ती गाठायला दहा-पंधरा तासिका लागतात. ती जशीच्या तशी फळ्यावर उतरवली तर आठ वर्षांच्या मुलाला तिच्यातून आजचं असं काहीच हाती लागत नाही.

म्हणून आधी आजचा तुकडा वेगळा काढायचा. आजचा तुकडा म्हणजे आज काय करायचं हे नव्हे. "पान ४५ वरील उदाहरणे सोडवणे" हे काम झालं, शिकणं नव्हे. ती उदाहरणं शेजाऱ्याच्या वहीत पाहूनही सुटतात. "दशक किंवा शतक सुटा करून वजाबाकी करणं" हे शिकणं आहे. ते पान ४५ वर करता येईल, दुकानाच्या बिलावर करता येईल, खेळातल्या नोटांवरही करता येईल.

आता निकष. इथं एक साधी रीत उपयोगी पडते. मुलांना देणार आहोत ते गणित आपण आधी कागदावर, सावकाश, मुलं मांडतात तसं मांडून सोडवायचं. कुठं थांबून निर्णय घ्यावा लागला तिथं टिंब द्यायचं. मग मुलं नेहमी कोणत्या टिंबाशी घसरतात ते आठवायचं. निकष या घसरणीच्या जागांवरून ठरतात, पाठ्यपुस्तकातल्या पायऱ्यांवरून नाही.

वरच्या तीन उत्तरांकडे परत जाऊ. ३४६ कसं आलं? एककात २ मधून ८ जात नाहीत, म्हणून त्या मुलानं उलटं केलं, ८ मधून २ काढले. दशकात ७ मधून ३ काढले. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक. हा निष्काळजीपणा नाही, त्या मुलाचा तो नियमच आहे आणि तो प्रत्येक गणिताला तोच लावेल. ३६४ काढणारी मुलगी बरीच पुढं आहे. तिनं दशक सुटा केला, १२ मधून ८ काढून ४ लिहिले. पण दशकाच्या घरातले ३ तसेच ठेवले. मग १३ मधून ७ काढून ६, आणि शतकातही ५ तसेच ठेवून ३. तिनं दोन्ही वेळा घेतलं, पण जिथून घेतलं तिथं कमी केलं नाही.

म्हणजे घसरणीच्या जागा दोन. त्यावरून पहिला मसुदा बहुधा असा होतो:

१. एककाखाली एकक, दशकाखाली दशक, शतकाखाली शतक लिहिलं.
२. वरचा अंक पुरला नाही तिथे शेजारचा सुटा केला आणि शेजारी एक कमी केला.
३. गणित नीट तपासलं.

यात तीन दोष आहेत. पहिली ओळ खरी आहे, पण या मुलांना एककाखाली एकक लिहिणं बेरजेपासून येतं. जे सगळ्यांना आधीच जमतं ते निकषात ठेवलं की मूल न पाहता पहिली खूण करतं आणि त्याच ओघात बाकीच्या खुणाही करून टाकतं. ही ओळ काढून टाकावी. ज्या दोन-चार मुलांची मांडणी अजून वाकडी होते त्यांना चौकटीची वही द्यावी, ते वेगळं काम आहे.

दुसऱ्या ओळीत "आणि" आहे. निकषात "आणि" दिसला की थांबून पाहावं, बहुतेकदा तिथं दोन निकष एकमेकांत अडकलेले असतात. ३६४ वाली मुलगी या ओळीचा पहिला अर्धा भाग करते, तो केल्याचं तिला आठवतं, आणि ती प्रामाणिकपणे खूण करते. तिची चूक नेमकी ज्या अर्ध्यात आहे तो अर्धा त्या खुणेखाली झाकला जातो. म्हणून या एका ओळीच्या दोन ओळी करायच्या.

तिसऱ्या ओळीतला "नीट" हा शब्द बिनकामाचा आहे. नीट, व्यवस्थित, सुंदर, समजून, लक्षपूर्वक हे शब्द निकषात आले की मूल खूण करतं, कारण आपण नीट केलं नाही असं कोणत्याच मुलाला वाटत नसतं. नीट म्हणजे काय ते सांगावं लागतं. वजाबाकीत ते सांगता येतं, उत्तरात वजा केलेली संख्या मिळवली की वरची संख्या परत यायला हवी.

सुधारून लिहिलेल्या ओळी अशा होतील:

आज शिकायचं: मला दशक-शतक सुटा करून वजाबाकी करता येते.
जमलं असं कधी म्हणायचं?
१. वरचा अंक पुरला नाही तिथे शेजारचा एक सुटा केला.
२. शेजारचा अंक खोडून एकानं कमी लिहिला.
३. उत्तरात वजा केलेली संख्या मिळवली. वरची संख्या परत आली.

आता तीन वह्यांवर लावून पाहू. ३४६ वाला पहिल्याच ओळीशी अडतो, कारण त्यानं कुठंच काही सुटं केलेलं नाही. ३६४ वाली दुसऱ्या ओळीशी अडते, तिच्या वहीत खोडलेला अंकच नाही. यातूनही कोणी निसटलं तर तिसरी ओळ आहे. ३४६ अधिक २७८ होतात ६२४. ३६४ अधिक २७८ होतात ६४२. दोन्ही ५३२ नाहीत. आणि २५४ वाल्याला, बाईंकडे न येता, कळतं की आपलं बरोबर आहे. निकष चांगले उतरले की नाही याची खरी परीक्षा हीच. नेहमीच्या चुका असलेल्या वह्या घ्यायच्या आणि प्रत्येक चूक कोणत्या ओळीशी अडते ते पाहायचं. एखादी चूक सगळ्या ओळी पार करून जात असेल तर एक ओळ कमी पडते आहे. एखाद्या ओळीशी कोणतीच चूक अडत नसेल तर ती ओळ जास्तीची आहे.

तिसऱ्या ओळीची मर्यादाही सांगायला हवी. ज्याची हातच्याची बेरीज कच्ची आहे त्याची पडताळणीच चुकते आणि बरोबर आलेलं उत्तर तो खोडून टाकतो. अशा मुलांना पडताळणी काड्यांच्या गठ्ठ्यांनी किंवा खेळातल्या नोटांनी करू द्यावी.

आणि ५०३ मधून २६७? इथं पहिली ओळ मोडते. शेजारी शून्य आहे, सुटं करायला काहीच नाही. आधी शतक सुटं करून दहा दशक करायचे, मग त्यातला एक दशक सुटा करायचा. हे मुद्दाम वेगळ्या तासिकेला ठेवावं आणि त्या दिवशी पहिल्या ओळीच्या जागी "शेजारी शून्य असेल तर आधी त्याच्या पलीकडचा सुटा केला" ही ओळ आणावी. पहिल्याच दिवशी सगळ्या शक्यता निकषात कोंबल्या तर ओळी सहा होतात आणि मुलं एकही वाचत नाहीत. तिसरी-चौथीपर्यंत तीन ओळी पुरतात. वरच्या वर्गांत चार-पाच चालतात.

मुलांची भाषा म्हणजे कोणती

मुलांची भाषा म्हणजे विषयातले शब्द काढून टाकणं, असा एक गैरसमज आहे. मग "दशक" ऐवजी "डावीकडचा आकडा" असं लिहिलं जातं. वाक्य सोपं वाटतं, पण त्यातला गणिताचा जीव जातो. डावीकडच्या आकड्यातून "एक" घेतला की तो इथं आल्यावर दहा कसा होतो, हे डावीकडचा आकडा या शब्दांतून कधीच कळणार नाही. दशक म्हटलं की दहा काड्यांचा गठ्ठा डोळ्यांपुढं येतो, आणि गठ्ठा सोडला की दहा सुट्या काड्या मिळतात. विषयाचा शब्द ठेवावा आणि त्याच्या भोवतीचं वाक्य सोपं करावं. सेमी इंग्रजीच्या वर्गात पाठ्यपुस्तकातल्या संज्ञा इंग्रजी असतात, तिथं त्याच संज्ञा ठेवून वाक्य मराठीत लिहिलं तरी चालतं. ज्या मुलांच्या घरची बोली पावरी, वारली किंवा गोंडी आहे त्यांच्यासाठी ओळीशेजारी एक छोटं सोडवलेलं उदाहरण किंवा चित्र ठेवणं शब्द बदलत बसण्यापेक्षा जास्त कामी येतं.

वाक्य आठ-नऊ शब्दांच्या आत बसलं की चौथीपर्यंतचं मूल ते एका दमात वाचतं. "ज्या ठिकाणी... त्या ठिकाणी", "आवश्यकतेनुसार", "योग्य प्रकारे" अशी शासकीय वळणं काढावीत. लिहिले-केले ऐवजी लिहिलं-केलं लिहायला हरकत नाही, कारण मूल ते मनात बोलणार आहे.

मराठीत लिहिताना एक अडचण हमखास येते. "मी अंक खोडतो" असं लिहिलं की अर्धा वर्ग बाहेर राहतो, आणि "खोडतो/खोडते" लिहिलं की ओळ तिरक्या रेघांनी भरते. यावर आपल्या व्याकरणातच सोय आहे. "मी अंक खोडला", "मी उत्तर तपासलं" यात क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं, बोलणारा मुलगा आहे की मुलगी यानं फरक पडत नाही. "मला वजाबाकी करता येते" हेही तसंच. म्हणून शिकायची गोष्ट "मला... करता येतं" अशी लिहावी आणि निकष "...केलं, ...लिहिलं, ...दाखवलं" असे लिहावेत. याचा आणखी एक फायदा होतो. झालेल्या कामाबद्दलचं वाक्य असल्यामुळे मूल ते वाचतं तेव्हा नजर आपोआप वहीकडं जाते, केलं आहे का हे पाहायला. "करावे, लिहावे" अशा वाक्याला सूचनेचा सूर येतो आणि मुलं ती सूचना ऐकून सोडून देतात. अकर्मक क्रियापदं मात्र टाळावीत, कारण "मी थांबलो, थांबले" म्हटलं की पुन्हा तीच अडचण येते. तिथं "पूर्णविरामापाशी थांबून वाचलं" असं वाक्य फिरवून घेता येतं.

पहिली-दुसरीत ओळीऐवजी चित्र चालतं. कान म्हणजे ऐकलं, बोट म्हणजे शब्दागणिक बोट ठेवलं, शब्दांमधल्या मोकळ्या जागेसाठी दोन शब्दांमध्ये ठेवलेलं एक बोट. चित्रं चार-पाचच असावीत आणि वर्षभर तीच राहावीत.

फळ्यावर कुठे आणि केव्हा

जागा एकच ठरवावी. फळ्याची एक कड, साधारण दीड फुटाची पट्टी रेघ मारून वेगळी काढली की पुरे. रोजच्या लेखनात ती पट्टी पुसली जाणार नाही हे पाहावं. निकष तासिका संपेपर्यंत दिसायला हवेत. सुरुवातीला दाखवून पुसले तर कामाच्या वेळी, म्हणजे खऱ्या गरजेच्या वेळी ते नसतात. अक्षराचा आकार ठरवायला मोजपट्टी नको. लिहून झाल्यावर शेवटच्या रांगेत, मुलाच्या उंचीला वाकून पाहावं. खिडकीच्या उजेडानं फळ्याची एक बाजू चकाकत असेल तर पट्टी दुसऱ्या बाजूला न्यावी. देवनागरीत वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असल्यामुळे दोन ओळी चिकटल्या की लांबून गिचमिड दिसते, म्हणून ओळींमध्ये एका अक्षराइतकी जागा सोडावी. दोन इयत्ता एकाच खोलीत बसत असतील तर फळ्याच्या दोन कडांना दोन पट्ट्या काढाव्यात आणि वर इयत्ता लिहावी. एका इयत्तेकडं शिक्षक असतात तेव्हा दुसरीला त्या ओळींचाच आधार असतो.

मुलांना ते उतरवून घ्यायला सांगू नये. तिसरीच्या मुलाला तीन ओळी उतरवायला सहज सात-आठ मिनिटं लागतात. ३५ मिनिटांच्या तासिकेत हा फार मोठा घास आहे, आणि उतरवताना मूल अर्थाकडं नव्हे, अक्षराकडं पाहत असतं.

आता "सुरुवातीला" म्हणजे नक्की केव्हा? घंटा झाल्याबरोबर सगळ्यांनी ओळी एका सुरात वाचायच्या, ही पद्धत दिसायला छान आहे. पण वजाबाकी अजून पाहिलेलीच नाही तेव्हा "शेजारचा एक सुटा केला" या शब्दांना मुलासाठी काही अर्थ नसतो. चांगला क्रम असा. पहिल्या दोन मिनिटांत फक्त आजचं शिकणं सांगायचं. पुढची आठएक मिनिटं एक गणित गठ्ठे आणि सुट्या काड्या घेऊन सर्वांसमोर सोडवायचं. ते सोडवतानाच, ज्या क्षणी गठ्ठा सुटतो त्या क्षणी विचारायचं, "आत्ता आपण काय केलं?" मुलं सांगतील, "बाई, दहाचा गठ्ठा सोडला." ती ओळ पट्टीवर जाते. "मग गठ्ठे किती उरले? ते कुठं लिहायचं?" दुसरी ओळ जाते. गणित संपेपर्यंत निकष लिहून झालेले असतात आणि प्रत्येक ओळीमागं मुलांनी डोळ्यांनी पाहिलेली एक कृती असते. ओळी शिक्षकानं घरून ठरवून आणलेल्या असतात, फक्त शब्द मुलांकडून घेतले जातात. मुलांचा शब्द चुकीचा असेल, "दशक उसना घेतला" असं कुणी म्हणालं, तर तिथंच बोलून घ्यावं. उसना घेतलेला परत द्यावा लागतो, इथं काही परत जात नाही, म्हणून आपण सुटा केला म्हणू.

त्यानंतर तीन मिनिटं चुकलेल्या वहीला द्यावीत. ती वर्गातल्या कुणाची नसावी. शिक्षकानंच फळ्यावर ५३२ वजा २७८ बरोबर ३६४ असं लिहावं आणि विचारावं, "या मुलीनं कोणत्या ओळी केल्या? कोणती राहिली?" निकष कसे लावायचे हे मुलं इथं शिकतात. दुसऱ्याची चूक शोधणं स्वतःची शोधण्यापेक्षा सोपं असतं, म्हणून आधी हे.

काही धड्यांत मात्र निकष सुरुवातीला दाखवूच नयेत. पाण्यात काय तरंगतं आणि काय बुडतं याचा शोध घ्यायचा असेल आणि निकषात "जड पण पोकळ वस्तू तरंगते हे सांगितलं" असं लिहिलं, तर शोध संपला. अशा दिवशी सुरुवातीला फक्त प्रश्न ठेवावा, किंवा निकष शोधण्याच्या कृतीचे लिहावेत. "आधी अंदाज लिहिला, मग पाण्यात टाकून पाहिलं, अंदाज चुकला तिथं खूण केली." यात उत्तर फुटत नाही. रोज, प्रत्येक तासिकेला, पहिल्याच मिनिटाला निकष दिसलेच पाहिजेत असा आग्रह तपासणीसाठी सोयीचा असेल, शिकण्यासाठी नाही.

खुणा होतात, पाहणं होत नाही

सगळ्यांत जास्त बिघाड इथं होतो. निकष चांगले असतात, पट्टीवर असतात, आणि शेवटी "तपासा" म्हटलं की तीस सेकंदांत सगळ्या वह्यांत तीन खुणा पडतात. मुलांनी वही पाहिलेलीच नसते. यावर उपाय म्हणजे खुणेऐवजी पुरावा मागायचा. पहिल्या ओळीसाठी वहीत जिथं सुटा केला तिथं गोल करायचा. दुसऱ्या ओळीसाठी खोडलेल्या अंकाखाली रेघ मारायची. तिसऱ्यासाठी पडताळणीची बेरीज शेजारी लिहायची. गोल करायला जागाच सापडली नाही की मूल थांबतं, आणि हवं आहे ते हेच थांबणं. मग सॅडलरांची तिसरी अट येते, दुरुस्तीला वेळ. तपासून झाल्यावर पाच मिनिटं हातात हवीत, ज्यात राहिलेली ओळ त्याच गणितावर पुरी करता येईल. घंटेच्या तोंडावर तपासलं तर चूक कळते, पण सुधारायला वेळ उरत नाही, आणि असं दोन-चारदा झालं की मुलं चूक शोधायचंच सोडून देतात.

जोडीनं तपासताना "चूक" किंवा "बरोबर" हे शब्द वापरायचे नाहीत, फक्त ओळीचा आकडा सांगायचा, असा नियम ठेवावा. "तुझी दुसरी ओळ दिसत नाही" असं शेजारच्यानं म्हटलं की उत्तर न सांगता जागा दाखवली जाते.

निकषांच्या नावाखाली गुण लिहिण्याचीही चूक होते. "पाचपैकी चार गणितं बरोबर आली" हा निकष नाही, निकाल आहे. तो मुलाला पाचवं का चुकलं हे सांगत नाही. आणि "हुशार मुलांसाठी पाच ओळी, इतरांसाठी दोन" अशी विभागणीही करू नये. निकष सर्वांना तेच, गणितातले अंक आणि हाताशी दिलेली साधनं वेगळी. कुणी ५३२ वर काम करेल, कुणी ५२ मधून २८ वर, पण सुटं करणं आणि कमी लिहिणं दोघांनाही करायचं आहे.

छापील, प्लॅस्टिक चढवलेले निकषांचे तक्ते वर्षभर भिंतीला लावलेले दिसतात. आठवडाभरात मुलांची नजर त्यांना सरावते आणि मग तो तक्ता भिंतीचाच भाग होतो. खडूनं लिहिलेल्या, आजच्याच, वाकड्यातिकड्या ओळी अधिक वाचल्या जातात.

लेखनाला हा साचा जसाच्या तसा लागत नाही

वजाबाकीत तीनही ओळी पुऱ्या केल्या की उत्तर बहुतेक बरोबर येतं. वर्णन लिहिताना तसं होत नाही. पाचवीला आठवडी बाजाराचं वर्णन लिहायचं आहे आणि निकष आहे "विशेषणं वापरली". मूल लिहितं, "बाजार मोठा होता. भाज्या ताज्या होत्या. खूप छान गर्दी होती." निकष पुरा झाला, वर्णन झालं नाही. "दोन वास, दोन आवाज, दोन रंग लिहिले" असं आकड्यांत बांधलं तर उलटं होतं, तीस वह्यांत तीसही बाजार सारखे निघतात.

अशा खुल्या कामात निकष म्हणजे पर्यायांची पेटी असते. शिकायची गोष्ट "मला वाचणाऱ्यापुढं जागा उभी करता येते" अशी, त्यात बाजार हा शब्द नको, म्हणजे तेच शिकणं पुढच्या महिन्यात एसटी स्टँडच्या किंवा विहिरीच्या वर्णनातही चालतं. खाली ओळी अशा: "छान, मोठा, खूप यांच्याऐवजी प्रत्यक्ष दिसलेली गोष्ट लिहिली. ऐकू आलेलं किंवा वास आलेलं काहीतरी लिहिलं. एका जागी थांबून एखाद्या माणसाकडं जवळून पाहिलं." यातली एक तरी निवड, सगळ्या नव्हेत. पहिली ओळ मात्र सगळ्यांना, कारण घसरण तिथंच आहे.

तरीही चांगलं वर्णन कशाला म्हणतात हे ओळींतून पूर्ण कळत नाही. त्यासाठी दोन नमुने शेजारी ठेवावे लागतात. "भाजीवाल्या ओरडत होत्या" आणि "जुड्यांवर पाणी मारता मारता मावशी ओरडल्या, दहाला दोन, संपत आली." दोन्हींत आवाज आहे. मुलांना विचारावं, कोणत्या वाक्यात मावशी दिसल्या? का? त्यांनी दिलेलं कारण त्यांच्याच शब्दांत पट्टीवर लिहावं. तो त्या दिवसाचा सर्वांत चांगला निकष असतो, मग तो शिक्षकानं घरून आणलेल्या ओळींत नसला तरी.

तासिका संपताना तीन मुलांना, एकदम पुढच्या नव्हे, मधल्या रांगेतल्या, विचारावं: "आज जमलं हे तू कसं ओळखलंस?" "बाईंनी बरोबर खूण केली", "माझं सगळ्यांत आधी झालं" किंवा "पाचही गणितं लिहून झाली" अशी उत्तरं आली तर पट्टी आज फळ्यावरच राहिली, असं समजावं आणि उद्याची तासिका त्याच ओळींनी, चुकलेल्या एका वहीपासून सुरू करावी. "बाई, मिळवून पाहिलं तर पाचशे बत्तीस आले" असं कुणी म्हणालं, तर उद्या शेजारी शून्य असलेल्या गणिताकडं जायला हरकत नाही.